वय चौदा, म्हणजे आठवीतली

भाच्याने जुनी मोटारसायकल घेतली आणि तिचा फोटो टाकला. फोटोखाली त्याने जे लिहिलं होतं ते जसंच्या तसं देतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

"आली एकदाची! वय चौदा, म्हणजे आठवीतली. पहिला मालक डॉक्टर, दुसरा मास्तर, तिसरा मी. घसरण तुमच्या लक्षात आली असेलच. मीटर ४१,२०७ वर थांबलाय, वय विचारलेलं तिला आवडत नाही. पेट्रोलचा काटा कायम फुल्लवर, घरात एक तरी आशावादी हवा. हॉर्न सोडून सगळं वाजतं. उजवा इंडिकेटर लागतो पण लुकलुकत नाही, एकदा ठरवलं की ठरवलं. चावी काढून खिशात टाकली तरी इंजिन चालू, याला म्हणतात निष्ठा. सकाळी निळा धूर काढते, शेजारच्या आजींनी हात जोडले. हँडल वळवताना मधेच जरा विचार करते, हिलाही इंजिनिअरिंगला घालायला हवं होतं. टायर मात्र एक नंबर, नक्षी बघा, नव्यासारखी! पार्टी मागू नये. पार्टी कार्ब्युरेटरमध्ये गेली."

मी मनापासून हसलो. हॉर्न सोडून सगळं वाजण्याचा विनोद त्या गाडीहून बराच जुना आहे, आमच्या लहानपणी तो गल्लीतल्या प्रत्येक स्कूटरवर होऊन गेलाय. पण इंडिकेटरचं 'एकदा ठरवलं की ठरवलं' झकास होतं. मग दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू जरा आवरलं. सातपूरच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे असलं काही वाचलं की डोकं आपोआप निदानाकडे वळतं. त्या परिच्छेदात ज्या गोष्टींना सगळ्यात जास्त हशा मिळाला त्या सगळ्यात स्वस्त होत्या, आणि ज्या एकाच गोष्टीचं त्याने कौतुक केलं होतं तिच्यापाशी मी थबकलो.

फोन केला. म्हटलं, "रविवारी गाडी घेऊन ये. सावकाश ये."

"मामा, सावकाशच येते ती. तिला दुसरं जमत नाही."

हॉर्न आणि इंडिकेटरपासून सुरुवात केली, कारण त्याला त्याचीच लाज वाटत होती. कॉलेज रोडवर मैत्रिणीसमोर हॉर्न द्यावा आणि गाडीने घसा खाकरावा, हे दुःख मी समजू शकतो. या शंभर सीसीच्या जुन्या गाड्यांमध्ये विजेच्या दोन वाटा असतात. हेडलाइट थेट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागावर चालते, म्हणून ती रेस दिली की उजळते आणि सोडली की पिवळी पडते. तो दोष नाही, रचनाच तशी आहे. हॉर्न आणि इंडिकेटर मात्र बॅटरीवर असतात, त्यांना रेसशी देणंघेणं नसावं. भाच्याची गाडी बंद ठेवून नुसती चावी फिरवली आणि हॉर्न दाबला, तर बेडकासारखा एक आवाज आला. इंजिन सुरू करून रेस दिली तर तोच हॉर्न खणखणीत. व्होल्टमीटर लावला. चालू इंजिनात बॅटरीच्या टोकांवर चौदा व्होल्टच्या आसपास येत होते, म्हणजे चार्जिंग ठीक. गाडी बंद केली की अकराच्याही खाली. बॅटरी मेली होती, एवढंच. उजवीकडचा मागचा बल्बही गेलेला होता. जुन्या धाटणीच्या फ्लॅशरला ठरावीक भार लागतो, एक बल्ब कमी झाला की तो लुकलुकायचं विसरतो. बल्ब बदलला, बॅटरी बदलली आणि परिच्छेदातले दोन विनोद एका दुपारी संपले. भाचा जरा हिरमुसलाच.

चावीचं म्हणजे कुलूप झिजलेलं. आतल्या पट्ट्या झिजल्या की चावी 'ऑन'मध्ये असतानाच निघून येते, आणि मग तीच काय, कुठलीही चपटी चावी त्यात फिरते. मी माझ्या कपाटाची चावी घालून गाडी चालू करून दाखवली. निष्ठेबद्दलचं त्याचं मत तिथेच बदललं.

निळ्या धुरावर मात्र थोडा वेळ घालवायला हवा, कारण जुनी गाडी घेणारा प्रत्येकजण याला घाबरतो, आणि अर्धे लोक चुकीच्या कारणाने घाबरतात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इतकं खरं. प्रश्न आहे ते कुठून आत येतंय. वरून, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या रबरी सीलमधून येत असेल, तर ते रात्रभर थेंब थेंब उतरतं आणि सकाळी गाडी चालू केली की एकदाच भपका निघतो. मिनिटभरात साफ. खालून, म्हणजे झिजलेल्या रिंगांच्या कडेने येत असेल, तर गाडी तापल्यावरही धूर येत राहतो आणि चढावर, डबलसीट, जोर लावला की वाढतो. पहिल्यात सील बदलायचे, त्यासाठी फक्त हेड उतरवावं लागतं. दुसऱ्यात बोअर-पिस्टनचं काम निघतं आणि या किमतीच्या गाडीवर तो खर्च करायचा का, असा प्रश्न उभा राहतो.

हे पारखायची एक सोपी रीत आहे. गाडी चांगली तापू द्यायची. मग लांब उतारावर गिअरमध्येच, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून खाली यायचं आणि तळाशी एकदम रेस द्यायची. मागून दुसऱ्या गाडीवर कुणीतरी बघत असावं. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर बंद असताना इंजिनात ओढ तयार होते आणि सील ढिले असतील तर ती ओढ ऑइल खेचून घेते. रेस दिल्याबरोबर एक निळा लोट बाहेर पडतो आणि विरतो. आम्ही हे पेठ रोडच्या बाजूला एका उतारावर केलं, मी माझ्या स्कूटरवर मागे. लोट आला, विरला, पुढच्या चढावर काही नाही. म्हणजे सील. त्याला सांगितलं, इतक्यात काही करू नकोस, फक्त ऑइल बघत जा. या इंजिनात जेमतेम लिटरभर ऑइल असतं, त्यामुळे थोडं जरी जळलं तरी पातळी पटकन उतरते. दर रविवारी गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून ऑइल मोजायची कांडी पुसून बघायची. धुराने इंजिन मरत नाही, धुराकडे बघून कांडीकडे न बघण्याने मरतं.

एक गंमत. या गाडीची पीयूसी मागच्याच महिन्यात पास झालेली होती, आणि ती खोटी नव्हती. ती तपासणी गरम इंजिनावर, गाडी उभी असताना, नुसत्या मंद चालीवर होते आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन मोजते. सकाळचा भपका तोवर केव्हाच विरलेला असतो. पीयूसीचा कागद दाखवून 'इंजिन ओके' सांगणारा विकणारा भेटला तर हसून पुढे जावं.

आता हँडलचा 'विचार'. परिच्छेदातलं हे वाक्य त्याने सहज टाकलं होतं, आणि खरी चिंता तिथे होती.

हँडल ज्या नळीत फिरतं, म्हणजे गाडीची मान, तिच्या वर आणि खाली छर्‍यांच्या दोन वाट्या असतात. आपल्याकडे त्याला कोनसेट म्हणतात, कुणी बॉल रेसर म्हणतं. गाडी आयुष्याचा बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणजे छर्रे बहुतेक वेळ वाटीत एकाच जागी असतात. त्यात नाशिकचा पावसाळ्यानंतरचा रस्ता. प्रत्येक खड्ड्याला पुढचं चाक आपटतं आणि छर्‍यांचा ठोका वाटीच्या त्याच जागेवर बसतो. काही वर्षांनी तिथे बारीक खळगे पडतात. मग हँडल मध्यावर आलं की छर्रे त्या खळग्यात बसतात आणि वळवायला गेलं की आधी खळग्यातून बाहेर यावं लागतं. भाच्याला जो 'विचार' वाटत होता, तो हा.

त्यात धोका काय, असं त्यानेही विचारलं. दुचाकी सरळ जाते तेव्हाही हँडल अगदी स्थिर नसतं. आपल्याला न कळत ते केसभर डावी-उजवीकडे होत राहतं आणि तोल त्यावरच सांभाळला जातो. मध्यावर खळगा असला की ही केसभर हालचाल होतच नाही, आधी काही नाही आणि मग एकदम जास्त. गाडी हळूहळू नागमोडी जायला लागते. चाळीसच्या वेगाला चालवणारा म्हणतो, आज वारा जास्त आहे. ट्रकच्या बाजूने जाताना किंवा ओल्या वळणावर हेच अंगाशी येतं.

तपासायला मिनिटसुद्धा लागत नाही, आणि गाडी घेण्याआधी विकणाऱ्याच्या दारात करता येतं. मधल्या स्टँडवर उभी करायची. एकाने मागची सीट दाबायची, म्हणजे पुढचं चाक हवेत येतं. हँडल दोन बोटांनी धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू न्यायचं. निरोगी असेल तर ते तेलावरून सरकल्यासारखं जातं. भाच्याने डोळे मिटून हे केलं आणि मध्यावर थांबला. "मामा, टक् झालं." पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. मग त्याला खाली बसवून फॉर्कची दोन्ही टोकं पकडून पुढे-मागे हलवायला सांगितलं. मानेत हलकी ठकठक लागली. म्हणजे खळगेही आणि ढिलेपणाही.

इथे गॅरेजमध्ये एक हमखास प्रकार होतो. वरचा नट आवळून देतात. ठकठक थांबते, गिऱ्हाईक खूश. पण खळगे तिथेच असतात आणि आवळल्यामुळे छर्रे त्यात आणखी घट्ट बसतात, गाडी आधीपेक्षा हट्टी होते. खळगे पडले की वाट्या आणि छर्रे, सगळा संच बदलायचा, दुसरा उपाय नाही. संचाला काही शे रुपये, मजुरी वेगळी. पुढचा सगळा भाग उतरवावा लागतो म्हणून मजुरी संचापेक्षा जास्त होते आणि म्हणूनच मागचा मालक टाळत आलेला असतो.

एक शंका मला फेडून घ्यायची होती, की हे खड्ड्यांचं आहे की गाडी कधी समोरून धडकली आहे. हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे टेकतं तिथे मानेवर लोखंडाचा छोटा अडथळा असतो. जोरात धडकलेल्या गाडीचा तो चेपलेला किंवा तुटून वेल्डिंग केलेला सापडतो. मानेमागे रंगाला तडे किंवा वेगळ्या छटेचा रंग दिसतो. रॉकेलच्या चिंधीने तिथली चौदा वर्षांची माती आणि ग्रीस पुसली. अडथळा जिथल्या तिथे, रंग मूळचा. गाडी कुठे धडकली नव्हती, नुसती आपल्या रस्त्यांवरून चालली होती.

मीटर कधी थांबला हे विचारून उपयोग नव्हता, स्पीडोमीटरची केबल कधी तुटली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ब्रेक पेडलच्या रबराची नक्षी पार गुळगुळीत होती आणि किकच्या रबरात खाच पडली होती. इतकं झिजायला एक्केचाळीस हजार पुरत नाहीत. ही दोन रबरं सहसा कुणी बदलत नाही, म्हणून मीटरपेक्षा त्यांच्यावर माझा विश्वास जास्त.

राहता राहिले टायर. परिच्छेदातली एकमेव बढाई.

नक्षी खरोखर खोल होती, त्याला दोष नाही. पण टायरच्या बाजूवर, कंपनीच्या नावापासून जरा दूर, एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. तिथे चिखल लागलेला असतो आणि कुणी बघत नाही. ओलं फडकं फिरवलं. मागच्या टायरवर 3815. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २०१५ सालचा अडतिसावा आठवडा, म्हणजे सप्टेंबर.

"मग? वापरलाच नाहीये ना फारसा!"

तेच तर. मास्तर गाडी कमी वापरत होते, ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची. टायर झिजला नाही, पण रबर चालण्याने जसं संपतं तसं उभ्या उभ्याही संपतं. ऊन, हवा आणि उष्णतेने ते कडक होत जातं. मी त्याला नखाने टायर दाबायला लावलं, मग शेजारच्या काकांच्या नव्या गाडीचा. फरक सांगावा लागला नाही. नक्षीच्या घळींच्या तळाशी बारीक भेगांची जाळी होती, बाजूला वाकवून बघितली की उघडत होती. कोरड्या रस्त्यावर असला टायर महिनोन्‌महिने काही बोलणार नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडून रस्त्यावरची धूळ आणि सांडलेलं तेल यांचा चिकट थर होतो, तेव्हा त्र्यंबक रोडवर कुणी मधेच आलं आणि मागचा ब्रेक दाबला, की तो बोलेल. खोल नक्षी पाणी बाहेर काढते, पण रस्ता पकडायचं काम रबराच्या मऊपणाचं आहे.

गाडी त्याने बावीस हजाराला घेतली होती आणि हातात साडेचार हजार उरले होते. त्यातून त्याला हेडलाइटला पांढरा एलईडी, नवी सीट आणि टाकीवर एक वाघ हवा होता. बॅटरी आणि बल्ब होऊन गेले होते, ते पैसे मी दिले, आईला न सांगण्याच्या बोलीवर. उरलेल्यात या गाडीला पुढे-मागे एकाच मापाचे लागणारे दोन टायर, ट्यूबसकट, आणि कोनसेट एवढंच बसत होतं. तासभर वाद झाला. टायर बदलल्याचं कुणाला दिसतही नाही, हा त्याचा मुद्दा मला पटला, पण उत्तर बदललं नाही. वाघ राहिला.

पेट्रोलचा काटा अजून फुल्लवरच आहे. त्याऐवजी स्पीडोमीटरची केबल टाकली. मीटर चालू असला की टाकी भरल्यावर किती किलोमीटर गेलो ते कळतं आणि खाली रिझर्व्हचा कॉक आहेच.

सगळ्यात मोठा दोष मात्र परिच्छेदात नव्हताच. मी आरसी मागितली. तिच्यावर नाव डॉक्टरांचं.

"मास्तरांचं कुठंय?"

मास्तरांनी गाडी कधी नावावर केलीच नव्हती. डॉक्टरांनी तेव्हा सही करून दिलेले २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, तारखेविना, त्यांनी तसेच घडी करून ठेवले होते आणि आता भाच्याच्या हातात दिले होते. त्याला वाटलं, फॉर्म आहेत म्हणजे झालं. कायद्याच्या नजरेत मात्र मास्तर कधी मालक नव्हतेच आणि भाचाही नव्हता. या गाडीने उद्या कुणाला उडवलं तर भरपाईसाठी मालक म्हणून डॉक्टर धरले जातील. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलंय. त्यात तर गाडी एकामागून एक कितीतरी हात बदलून गेली होती, तरी नोंदणीवर ज्याचं नाव, तोच मालक ठरला. शिवाय नोंदणी २०१२ ची, पंधरा वर्षांची मुदत २०२७ ला संपणार. तेव्हा गाडी आरटीओला दाखवून नूतनीकरण करावं लागेल, ते आपल्या नावावर नसलेल्या गाडीचं कसं करणार?

जुने फॉर्म बाजूला ठेवले. पेन्सिलने कागदावर चेसिस नंबरचा ठसा घेतला, मघाशी रॉकेलने मान पुसली होती ती इथे कामाला आली, नंबर आरसीशी जुळला. अर्जाचा ओटीपी नोंदणीकृत मालकाच्या मोबाइलवर जाणार, म्हणजे डॉक्टरांना गाठणं भाग होतं. ते गंगापूर रोडला राहतात. भाच्याने फोन करून वेळ घेतली आणि मला सोबत ओढलं.

डॉक्टरांनी दार उघडलं, खाली उभ्या गाडीकडे पाहिलं आणि आधी ओळखच दाखवली नाही. मग आत गेले आणि मोबाइल घेऊन आले.

"म्हणजे ती ही. गाडी विकून मला इतकी वर्षं झाली आणि मला दर थोड्या महिन्यांनी दंडाचे मेसेज येतात. द्वारकेला विनाहेल्मेट. शालिमारला सिग्नल तोडला. मला वाटायचं माझ्या नंबरची कुणीतरी खोटी पाटी लावून फिरतंय." त्यांनी एक फोटो मोठा करून आमच्यासमोर धरला. चालवणाऱ्याच्या मागे दोघं बसलेले. "ट्रिपल सीट. हा कोण आहे?"

भाच्याने वाकून बघितलं. "सर, पुढचे मास्तर आहेत. मागचे दोघं त्यांच्या क्लासचे असतील."

"सही करतो," डॉक्टर म्हणाले, "पण आधी त्या मास्तरांना फोन लाव. दंड ते भरतील, मग ओटीपी सांगेन."

मास्तरांनी फोन तिसऱ्या वेळेला उचलला.